मॅनेजर व्हायचं की मेथड्समध्येच राहायचं? उद्यमबागच्या एका फाउंड्रीतला हिशोब

माझा भाचा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेथड्स, म्हणजे नग कसा ओतायचा ते ठरवणं, आणि क्वालिटी बघतो. वय छत्तीस, नोकरीला तेरा वर्षं झाली. गेल्या वर्षी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "प्रॉडक्शन मॅनेजर हो. पासष्ट माणसं तुझ्या हाताखाली." त्या रात्री तो तिसऱ्या गेटजवळून फोन करून म्हणाला, "मामा, हो म्हणू का? नाही म्हटलं तर लोक म्हणतील, याला जमत नव्हतं."

या वयात बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कारखान्यांतल्या बऱ्याच जणांपुढे हा फाटा येतो. एका वाटेला आपल्या कामात अधिकाधिक खोल जायचं असतं, म्हणजे तज्ज्ञ व्हायचं. दुसऱ्या वाटेला काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचं असतं, म्हणजे माणसं सांभाळायची. आपल्याकडे ही गोष्ट पगार, खुर्ची आणि मान यांवर तोलली जाते. मी स्वतः दोन्ही वाटा चाललोय, एक चुकीच्या कारणासाठी. त्यामुळे मला वेगळं वजन वापरावंसं वाटतं. दोन्ही वाटांवर अडचणी त्याच असतात, पण एका अडचणीचे दोन अर्धे असतात. आपल्याला कुठला अर्धा उचलायला आवडतो, ते पाहायचं. भाच्याच्याच कारखान्यातल्या एका रिजेक्शनवरून सांगतो.

शंभरात अकरा परत

तिथे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकसाठी एक कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, बनतं, एसजी आयर्नचं. साध्या बिडात कार्बन पातळ पापडीसारखा पसरलेला असतो, त्यामुळे ताण आला की बीड त्या पापडीच्या कडेनं तडकतं. एसजी आयर्नमध्ये तोच कार्बन साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या रूपात बसतो, म्हणून ते ताण सोसतं. पापडीची गोळी करण्याचं काम मॅग्नेशियम करतं. लेडलच्या, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, तळाशी मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवतात, त्यावर पोलादाच्या तुकड्यांचं झाकण घालतात आणि भट्टीतला रस त्यावर ओततात. लखलखाट होतो आणि रस तयार होतो.

खरी गोम पुढे आहे. मॅग्नेशियम रसात टिकत नाही, मिनिटागणिक उडत जातं. फाउंड्रीत याला फेडिंग म्हणतात. साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरलं तर गोळ्या नीट बनतात. ०.०३ च्या खाली गेलं की गोळ्या बिघडून किड्यांसारख्या वेड्यावाकड्या होऊ लागतात.

या कास्टिंगमधले शंभरात अकरा नग गिऱ्हाईकाकडून परत यायला लागले. आपल्या लॅबचा रिपोर्ट मात्र दर वेळी 'ओके'. महिनाभर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. वाळूवाला भट्टीवाल्याकडे, भट्टीवाला स्क्रॅपवाल्याकडे.

भाच्यानं तीन पाळ्या लेडलजवळ घड्याळ घेऊन काढल्या. लेडल चारशे किलोचं, साच्याच्या एका बॉक्सला पंचवीस किलो रस, म्हणजे सोळा बॉक्स. खडूनं प्रत्येक बॉक्सवर नंबर घातला आणि मॅग्नेशियम टाकल्यापासून किती मिनिटांनी तो ओतला तेही लिहिलं. मग पहिला, मधला आणि शेवटचा असे नग कापून मायक्रोस्कोपखाली ठेवले. पहिल्या बॉक्सला मॅग्नेशियम ०.०४ च्या आसपास होतं. तेराव्या मिनिटाला ओतलेल्या बॉक्समध्ये ०.०३१. एका लेडलला क्रेन अडकल्यामुळे शेवटचे बॉक्स अठराव्या मिनिटाला ओतले होते, तिथे ०.०२६, आणि गोळ्यांचा पत्ता नाही. लॅबचा नमुना मात्र वर्षानुवर्षं पहिल्या बॉक्सच्या वेळीच घेतला जात होता, कारण तेव्हा लॅबच्या पोराला पुढचं काम उरकायला सोपं जायचं. रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त लेडलमधल्या सगळ्यात चांगल्या रसाचा होता.

भाच्यानं उपाय लिहून दिला. लेडल अडीचशे किलोचं करायचं, म्हणजे दहाच बॉक्स. मॅग्नेशियम टाकल्यापासून दहा मिनिटांत संपलं नाही तर उरलेला रस साच्यात न ओतता पिग करायचा, म्हणजे बाजूला ओतून पुन्हा भट्टीत घालायचा. नमुना शेवटच्या बॉक्सचा घ्यायचा. लेडल याहून लहान का नको, तेही त्यानं लिहिलं होतं: लहान लेडल लवकर थंड होतं, मग पातळ भागात रस एकजीव होत नाही, आणि फेडिंगचं रिजेक्शन जाऊन कोल्ड शटचं येतं.

इथपर्यंत तज्ज्ञाचं काम. 'असं का होतंय' याचं उत्तर त्यानं शोधलं, पुराव्यानिशी शोधलं, आणि उपायाची मर्यादाही सांगितली.

मग रिजेक्शन पुन्हा चढलं

दोन आठवड्यांत परत येणारे नग शंभरात तीनवर आले. मालक खूश. पाचव्या आठवड्यात आकडा पुन्हा नऊ.

भाचा चिडला. त्यानं दहा मिनिटांचा नियम छापून भट्टीजवळ लावला होता, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. ओतणारी टोळी ओडिशाची. त्यांच्यातल्या दोघांना हिंदी वाचता येत होतं, कन्नड कुणालाच नाही. पण नियम मोडण्याचं कारण भाषा नव्हतं. जुन्या सुपरवायझर मामांनी (आमच्याकडे शॉपमध्ये वयानं मोठ्या माणसाला मामाच म्हणतात) संध्याकाळी टोळीबरोबर बसून ते काढून घेतलं. कंत्राटदाराला पैसे भरलेल्या बॉक्समागे मिळत होते. पिग केलेल्या रसाचे पैसे कोण देणार? आधी आठ तासांत दहा लेडल व्हायची, आता सोळा करावी लागत होती. मेहनत वाढली आणि वर 'रस ओतून द्या' म्हणायचं. दुसऱ्या पाळीत घड्याळाकडे कोण बघतो? अकराव्या, बाराव्या मिनिटालाही बॉक्स भरले जात होते.

हे सोडवायला सुपरवायझर मामांना सहा आठवडे लागले. कंत्राटदाराशी दर बदलून घेतला: घड्याळामुळे पिग करावे लागलेले बॉक्स पाळीला ठरावीक संख्येपर्यंत भरलेलेच धरायचे. त्या संख्येवर हिशोबनीस अडून बसले, मालकांना दोनदा समजवावं लागलं. क्रेनवाल्याची चहाची सुट्टी दोन लेडलच्या मध्ये आणली. त्यावर तो रुसला, कारण त्याचा जोडीदार जुन्या वेळेला चहाला जायचा. लेडलजवळ घंटा बसवली, म्हणजे घड्याळ वाचायची गरजच उरली नाही. घंटा झाली की कोण थांबवणार, हेही ठरलं. आधी सगळ्यांनी थांबवायचं होतं, म्हणून कुणीच थांबवत नव्हतं.

या सहा आठवड्यांत धातूशास्त्राचा एक शब्दही नाही. पण हे झालं नसतं तर भाच्याचा शोध भिंतीवरच्या कागदातच राहिला असता. हा माणसं सांभाळणाऱ्याचा अर्धा: 'मी तिथे नसताना हे रोज कसं होईल?'

महिन्याभरानं मालकांनी भाच्याला मॅनेजरकी देऊ केली. का? तर 'यानं रिजेक्शन सोडवलं.' यात एक सरमिसळ आहे, आणि ती सगळीकडे होते. पहिला अर्धा भाच्यानं सोडवला, दुसरा सुपरवायझर मामांनी. जागा दुसऱ्या अर्ध्याची रिकामी होती आणि बक्षीस पहिल्या अर्ध्याला मिळत होतं. अमेरिकेत विक्रीच्या धंद्यातल्या अनेक कंपन्यांच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी हेच दाखवलंय: जो सर्वांत जास्त विकतो त्याला साहेब करतात, आणि त्याच्या हाताखालच्यांची विक्री बऱ्याचदा घसरते.

मी भाच्याला एवढंच विचारलं, "त्या सहा आठवड्यांत तू काय केलंस?" थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "मी लॅबमध्ये जाऊन बसायचो."

दोन आठवड्यांची वही

'तुला काय आवडतं' असं विचारलं तर माणूस शोभेल असं उत्तर देतो. वही तसं करत नाही. मी त्याला दोन आठवडे अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगितलं. काय केलं हे दोन शब्दांत लिहायचं, आणि पुढे तीनपैकी एक खूण: वेळ कसा गेला कळलं नाही, ठीक, किंवा कधी संपतंय असं झालं. खूण त्याच दिवशी करायची. रविवारी बसून आठवून केलेली खूण कामाची नाही, तोवर आपण मनाशी गोष्ट रचलेली असते.

पण आत्ताच्या कामाची वही अर्धीच गोष्ट सांगते. म्हणून त्यानं मालकांकडे वेळ मागितला आणि तीन महिने दुसऱ्या पाळीचा चार्ज घेतला, बावीस माणसांचा, मॅनेजरचं नाव न लावता. माझ्या मते हा फाट्यावरचा सगळ्यात उपयोगी तुकडा आहे आणि तोच लोक गाळतात. मालक सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही चुकीचा माणूस बसवण्याची भीती असते. फक्त 'तीन महिन्यांनी परत' हे सुरुवातीलाच चारचौघांसमोर बोललेलं हवं. नाहीतर परत येणं म्हणजे उतरवलं गेलं असा बोभाटा होतो.

त्या तीन महिन्यांत जून-जुलै आले. त्याच्या पाळीतले आठ जण येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीचे, घरी भाताची शेती. रोप लावणीच्या आठवड्यात पाच जण आलेच नाहीत. वाळूचा मॉइश्चर किती हवा हे भाच्याला झोपेतही सांगता येतं, पण लावणी कुणाच्या घरी कधी आहे हे त्याला माहीत नव्हतं. जुन्या सुपरवायझरना माहीत होतं. ते मे महिन्यातच विचारून ठेवतात आणि त्या दिवसांत कमी माणसांत निघणारी कास्टिंग लावतात. गावच्या यात्रा, गणपती, सुगी यांचं असं एक कॅलेंडर त्यांच्या डोक्यात असतं. बाहेरून ते गप्पा मारणं दिसतं. ते त्यांचं कौशल्य आहे, आणि मेथड्सच्या कौशल्याइतकीच वर्षं त्यालाही लागलीत.

भाषेचंही तसंच. आपल्या भागात मेथड्सवाल्याचं काम ड्रॉइंग आणि आकड्यांवर चालतं. मॅनेजरचं तसं नाही. सकाळच्या चहाआधीच त्याला टोळीशी हिंदीत, गावच्या माणसांशी मराठीत आणि सरकारी कागदासाठी कन्नडमध्ये तोंड उघडावं लागतं. नुसतं बोलता येऊन भागत नाही. खात्याकडून आलेलं कन्नड पत्र वाचून त्याला काय उत्तर द्यायचं ते कळावं लागतं. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीचा इथे कस लागायचा. भाच्याचं कन्नड चांगलं आहे, त्यामुळे त्याला हा अडसर नव्हता. ज्यांना आहे त्यांनी तो आधीच मोजावा. वर्षभरात शिकता येतं, पण शिकावं लागतं.

वहीत काय निघालं? लॅब, कापलेले नग, नवीन पॅटर्नचा रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा, यांपुढे पहिली खूण. हजेरी, ॲडव्हान्सची मागणी, दोन जणांचं भांडण, यांपुढे तिसरी. हे अपेक्षित होतं. एक नोंद मात्र मला अपेक्षित नव्हती. पाळीतल्या दोन पोरांना त्यानं कास्टिंगचा तुटलेला भाग बघून दोष ओळखायला शिकवलं होतं, त्या तासांपुढेही पहिली खूण होती. म्हणजे त्याला माणसं नकोशी नव्हती. त्याला माणसांचे प्रश्न नकोसे होते, शिकवणं हवं होतं. या दोन गोष्टी एकच समजून कितीतरी चांगले शिकवणारे मॅनेजर होतात आणि मग वर्षभर ॲडव्हान्सच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत बसतात.

सहा हजारांचा भाव

आता पगार. भाच्याला बावन्न हजार मिळत होते, मॅनेजरकीत अठ्ठावन्न मिळणार होते. सहा हजार वाढ ऐकायला बरी वाटते. पण चार्जच्या तीन महिन्यांत तो आठवड्याला नऊ-दहा तास जास्त थांबत होता, रात्रीचे फोन वेगळे. महिन्याचे झाले चाळीस तास. सहा हजार भागिले चाळीस म्हणजे तासाला दीडशे रुपये. आधीचा पगार सव्वीस दिवस, आठ तासांनी भागला तर तासाला अडीचशे पडतात. म्हणजे वाढीव तास तो आत्तापेक्षा स्वस्तात विकणार होता.

यावरून नाही म्हणावं असं मी म्हणत नाही. मॅनेजरच्या पुढची पायरी मोठी असते, वर्क्स मॅनेजर, प्लँट हेड. पण ती पायरी आपल्या कारखान्यात खरंच आहे का, की तिथे मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून येणार आहे, हे डोळे उघडे ठेवून बघावं. आपल्याकडचे बरेचसे कारखाने घरचे आहेत. यात वाईट काही नाही, पण शिडी कुठे संपते ते माहीत असावं.

कायद्याचा एक मुद्दा कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात मालकानं 'मॅनेजर' म्हणून एका माणसाचं नाव खात्याला कळवायचं असायचं, आणि कायदा मोडला गेला तर मालकाबरोबर त्या मॅनेजरलाही जबाबदार धरलं जायचं. कलम ९२ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्हीची तरतूद होती. आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या आहेत, तरी विचारायचा प्रश्न तोच: "फॅक्टरीच्या कागदावर मॅनेजर म्हणून माझं नाव जाणार का?" जाणार असेल तर क्रेनची तपासणी, भट्टीजवळचं पाणी, गार्ड नसलेलं मशीन, हे थांबवायचा आणि त्यावर खर्च करायचा अधिकारही लेखी हवा. फाउंड्रीत वितळलेल्या रसात ओल गेली तर स्फोट होतो. नाव माझं आणि चेकबुक दुसऱ्याकडे, ही जागा घेऊ नये.

तज्ज्ञाची पायरी आहे कुठे?

दुसऱ्या वाटेची अडचण वेगळी. मोठ्या संस्थांनी तज्ज्ञांसाठी निराळी शिडी केलेली असते. आयबीएमनं १९६२ साली 'फेलो' ही पदवी सुरू केली, ती माणसं सांभाळून मिळत नाही, कामातल्या शोधानं मिळते. आपल्याकडे इस्रोत वैज्ञानिकाला एससी, एसडी, एसई असं वर जाता येतं, आणि वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता कामाच्या मूल्यमापनावर बढती मिळू शकते. उद्यमबाग, होनगा, मच्छेतल्या शे-दोनशे माणसांच्या कारखान्यात अशी शिडी नसते. 'तू आमचा टेक्निकल माणूस' असं म्हणतात, व्हिजिटिंग कार्डावर 'सीनिअर' छापतात, आणि दहा वर्षांनी तो तिथेच असतो.

ही पायरी खरी आहे की नुसती छापलेली, हे मी एका गोष्टीवरून ओळखतो. तज्ज्ञाच्या 'नाही'ला कारखाना थांबतो का? नव्या नगाचा भाव गिऱ्हाईकाला देण्याआधी मेथड्सची सही लागते का, की भाव ठरल्यावर 'आता बसव काहीतरी' असं सांगतात? सही लागत नसेल तर तो तज्ज्ञ नाही, आग विझवणारा आहे. रोज एक आग, आणि आगीचं कारण शोधायला वेळ नाही. अशा माणसाचं ज्ञान वाढत नाही, त्याची फक्त सवय वाढते.

या वाटेवरचा दुसरा खड्डा म्हणजे एकाच नगाचा, एकाच गिऱ्हाइकाचा तज्ज्ञ होणं. तेरा वर्षं एकच हायड्रॉलिक बॉडी काढली तर ती बॉडी येते, मेथड्स येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्यापुढे कधी न पाहिलेलं कास्टिंग ठेवलं तर रायझर कुठे लागेल हे तुम्ही कारणासकट सांगू शकता का? ज्याला सांगता येतं त्याला कोल्हापूरला शिरोलीत काम मिळतं, कागलला मिळतं, कोइमतूर-राजकोटलाही मिळतं. त्याचं ज्ञान पिशवीत घालून नेता येतं. मॅनेजरचं कौशल्य मात्र बरंचसं त्या त्या माणसांत रुजलेलं असतं, कोइमतूरला येळ्ळूरच्या लावणीचं कॅलेंडर चालत नाही. बदली किंवा नोकरी बदलणं नको आहे, घर-शेत इथेच आहे, अशांसाठी तेच रुजलेलं असणं फायद्याचंही ठरतं.

माझी चूक

मी स्वतः एकोणचाळीसाव्या वर्षी मॅनेजर झालो, एका कारखान्यात, वाळू आणि मोल्डिंग विभागाचा. हो म्हणायचं कारण एवढंच की माझ्यानंतर लागलेला एक जण आधीच झाला होता. मला वाळूतलं कळायचं. त्यामुळे वाळू बिघडली की मी केबिन सोडून सँड प्लँटमध्ये जायचो, मूठ दाबून बघायचो, पाणी कमी करायचो आणि अर्ध्या तासात लाईन चालू. सगळे वाहवा करायचे. माझ्या हाताखालचा इंजिनिअर बाजूला उभा असायचा. दीड वर्षात तो एकदाही स्वतःहून वाळूला हात लावू शकला नाही, कारण मी लावू दिलाच नाही. तो सोडून गेला. जाताना म्हणाला, "सर, तुम्ही असताना मला शिकायला काय उरतंय?"

दोन पगारांत एक काम होत होतं आणि मॅनेजरचं काम कुणीच करत नव्हतं. मी चार दिवस गावाला गेलो की लाईन अडायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा! नव्या मॅनेजरनं सहाव्या महिन्यात मुद्दाम चार दिवस रजा घ्यावी आणि फोन बंद ठेवावा. परत आल्यावर रिजेक्शन आणि टनेज पाहावं. आकडा फारसा हलला नसेल तर तो मॅनेजर झालाय. हलला असेल तर तो अजून जुनंच काम करतोय, फक्त केबिनमधून.

मी तीन वर्षांनी परत तांत्रिक कामाकडे आलो. परत येता येतं, पण किंमत पडते. मधल्या काळात कोल्ड बॉक्स कोअर आले होते, सिम्युलेशनवर रायझर बसवायला लागले होते, आणि मला कालच्या पोराकडून शिकावं लागलं. दोन वर्षांच्या आत परतलेल्याला फारसं जड जात नाही, असं मी आजूबाजूला पाहिलंय. पाच वर्षांनंतर मात्र हात विसरतो.

भाच्यानं काय केलं

तो तीन महिन्यांनी मालकांकडे गेला आणि म्हणाला, मॅनेजरकी नको, पण मेथड्सची जागा नीट करून द्या. चार गोष्टी त्यानं कागदावर नेल्या होत्या. नव्या नगाच्या भावपत्रकावर मेथड्सची सही. घंटेनंतरचं किंवा नमुन्यात नापास झालेलं लेडल थांबवायचा अधिकार, प्रॉडक्शनला न विचारता. शिकवायला दोन पोरं, त्यांची हजेरी-रजा मात्र प्रॉडक्शनकडे. आणि तीन वर्षांत पगार प्रॉडक्शन मॅनेजरच्या बरोबरीला.

पहिल्या तीन मालकांनी मान्य केल्या. लेडल थांबवण्यावर थोडं अडले, मग म्हणाले, दिवसाला दोनपेक्षा जास्त थांबली तर मला फोन कर. चौथ्याला त्यांनी मान हलवली, हो म्हणाले नाहीत. लेखी काहीच दिलं नाही. एप्रिलमध्ये बघू म्हणाले. माझ्या मते भाच्यानं तिथे जरा धरून ठेवायला हवं होतं, निदान रक्कम नाही तरी तारीख कागदावर आणायला हवी होती. तो म्हणाला, "मामा, तुम्ही त्या खोलीत नव्हता."

प्रॉडक्शन मॅनेजरची जागा दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला मिळाली. तो भाच्याहून चार वर्षांनी लहान, डिप्लोमावाला, मच्छेचा, माणसांत मिसळणारा. सध्या दोघांच्या पगारात चार हजारांचा फरक आहे, त्याचा जास्त. रोज सकाळी भाचा आदल्या दिवसाचे लेडलचे टायमिंग त्याच्या टेबलावर ठेवतो. शॉपमध्ये सगळे त्याला 'सर' म्हणतात, भाचाही म्हणतो. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, म्हणाला. परवा विचारलं तर म्हणाला, आता अडखळत नाही, पण एप्रिलची वाट बघूलालोय.